गोडाऊन जळालं तर नफ्याचा क्लेम सरासरीवर मागू नका

गोडाऊनला आग लागली की आपण आधी जळालेला माल मोजतो. तो क्लेम साध्या फायर पॉलिसीत बसतो. पण पुढचे तीन महिने धंदा बुडाला, त्या नफ्याचं काय? साधी फायर पॉलिसी त्याचे पैसे देत नाही. त्यासाठी फायर लॉस ऑफ प्रॉफिट ही वेगळी पॉलिसी लागते आणि तिचा क्लेम वेगळ्या पत्राने मागावा लागतो.

माझं मत स्पष्ट आहे. किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्याने या पत्रात वर्षाच्या विक्रीची सरासरी लिहिली तर तो स्वतःचंच नुकसान करून घेतो. आपला धंदा सीझनवर चालतो. एप्रिल-मेमध्ये अलिबाग, नागाव, काशीदला पर्यटक भरलेले असतात आणि पावसाळ्यात तीच हॉटेलं अर्धी रिकामी असतात.

आता एक उदाहरण घेऊ. समजा तुम्ही अलिबाग तालुक्यात हॉटेल-होमस्टेंना पाण्याच्या बाटल्या, कोल्ड्रिंक आणि किराणा पुरवता. 31 मार्चच्या रात्री गोडाऊन जळालं आणि जुलैपासून धंदा पूर्ववत झाला. संपलेल्या आर्थिक वर्षाची विक्री 96 लाख, त्यातली एप्रिल ते जूनची 36 लाख. आगीनंतरच्या तीन महिन्यांत भाड्याच्या जागेतून तुम्ही 15.60 लाखांचा माल विकला.

सरासरी काढली तर तीन महिन्यांचे 24 लाख होतात, म्हणजे घट फक्त 8.40 लाखांची दिसते. पॉलिसी मात्र मागच्या वर्षाच्या त्याच महिन्यांशी तुलना करते आणि धंदा वाढत असेल तर ती वाढही धरते. आगीआधीच्या जानेवारी-मार्चची विक्री त्याआधीच्या वर्षापेक्षा 10 टक्के जास्त होती असं समजू. मग अपेक्षित विक्री 39.60 लाख आणि घट 24 लाख.

ही घट म्हणजे नुकसान नव्हे, कारण न विकलेला माल तुम्ही खरेदीही केला नाही. घटीला ग्रॉस प्रॉफिटच्या दराने गुणायचं. इथे ग्रॉस प्रॉफिट म्हणजे निव्वळ नफा अधिक विमा उतरवलेले स्थिर खर्च, जसे पगार, भाडं, कर्जाचं व्याज. नफा 7.20 लाख आणि स्थिर खर्च 7.20 लाख असतील, तर 96 लाखांवर दर 15 टक्के. 24 लाखांचे 15 टक्के म्हणजे 3.60 लाख. सरासरीने गेलात तर हाच आकडा 1.26 लाख आला असता.

यात तात्पुरत्या जागेचं भाडं आणि जादा टेम्पोचे 60 हजार मिळवा, कारण त्या खर्चामुळेच 15.60 लाखांची विक्री वाचली. जळालेल्या गोडाऊनचं न भरलेलं भाडं आणि वीज मिळून वाचलेले 45 हजार स्वतःहून वजा करा. क्लेम झाला 3.75 लाख. पॉलिसीत सुरुवातीचे ठरावीक दिवस वगळलेले असतात, ते यातून कमी होतील.

पत्रातला मुख्य परिच्छेद असा लिहा:

"31 मार्च रोजी लागलेल्या आगीमुळे एप्रिल ते जून या काळात आमची विक्री अपेक्षित 39.60 लाखांऐवजी 15.60 लाख झाली. अपेक्षित विक्री मागील वर्षाच्या याच महिन्यांवर, 10 टक्के वाढ धरून काढली आहे. महिनावार तक्ता व पुरावे सोबत जोडले आहेत."

वाढीचा आकडा सर्वेक्षक हमखास तपासतो. म्हणून मागच्या वर्षांचा ताळेबंद व नफा-तोटा पत्रक, महिनावार विक्री दाखवणारी जीएसटी रिटर्न, बँक स्टेटमेंट, नव्या जागेच्या भाड्याच्या पावत्या आणि हॉटेलांनी रद्द केलेल्या ऑर्डरचे मेसेज जोडा. वह्या जळाल्या तरी भरलेली रिटर्न जीएसटी पोर्टलवर सापडतात. पण रोखीची विक्री रिटर्नमध्ये दाखवलीच नसेल, तर ती इथे सिद्ध करणं जवळपास अशक्य.

एक खड्डा आधीच बघून ठेवा. विम्याची रक्कम वाढलेल्या वर्षभराच्या ग्रॉस प्रॉफिटइतकी हवी. इथे 105.60 लाखांचे 15 टक्के, म्हणजे 15.84 लाख. तुम्ही जुन्या हिशोबाने 14.40 लाखांचाच विमा घेतला असेल, तर क्लेमही त्याच प्रमाणात कापला जातो आणि 3.75 चे साधारण 3.41 लाख हातात येतात. त्यामुळे रिन्यूअलच्या वेळी मागच्या वर्षाचा आकडा तसाच पुढे ढकलू नका. येणाऱ्या सीझनची विक्री धरून रक्कम ठरवा.