जुन्या फंडावरचा 2018 आधीचा नफा करमुक्तच; पण हिशेब नीट मांडला तरच

राणीसावरगाव (ता. गंगाखेड) : दहा-बारा वर्षांपूर्वी म्युच्युअल फंडात टाकलेले पैसे आता लग्न, घर किंवा बोअरसाठी काढणारे आपल्या भागातही आहेत. पैसे काढले की नफ्यावर कर लागतो, एवढं बहुतेकांना माहीत असतं. मात्र 31 जानेवारी 2018 पर्यंत झालेला नफा या करातून वगळलेला आहे, हे अनेकांना माहीत नसतं.

आधी मागचं थोडं पाहू. ऑक्टोबर 2004 पासून शेअर आणि इक्विटी फंड एक वर्षाहून जास्त ठेवून विकले, तर नफ्यावर कर नव्हता. 1 फेब्रुवारी 2018 च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांनी 1 लाखाच्या वरच्या नफ्यावर 10 टक्के कर जाहीर केला. तो 1 एप्रिल 2018 पासून लागू झाला. पण लोकांनी करमाफीच्या भरवशावर पैसे ठेवले होते. म्हणून आदल्या दिवसापर्यंतचा, म्हणजे 31 जानेवारीपर्यंतचा नफा सोडून दिला. यालाच ‘ग्रँडफादरिंग’ म्हणतात. तारीख आदल्या दिवसाची धरल्यामुळे घोषणा ऐकून कुणाला भाव फुगवायला वावच राहिला नाही.

आता उदाहरण घेऊ. समजा, एका निवृत्त शिक्षकांनी 2012 मध्ये इक्विटी फंडात 1 लाख रुपये टाकले. तेव्हा एका युनिटचा भाव (एनएव्ही) 20 रुपये होता, म्हणून 5,000 युनिट मिळाले. 31 जानेवारी 2018 ला भाव 50 रुपये झाला, म्हणजे किंमत अडीच लाख. आता 90 रुपयांनी सगळे विकले, हाती आले साडेचार लाख.

खरा नफा साडेतीन लाखांचा. पण कर मोजताना खरेदी किंमत 1 लाख न धरता अडीच लाख धरायची. मग नफा उरतो 2 लाख. त्यातून वर्षाची 1 लाख 25 हजारांची सूट वजा केली की राहतात 75 हजार. त्यावर साडेबारा टक्क्यांनी 9,375 रुपये आणि 4 टक्के सेस धरून 9,750 रुपये कर. हाच हिशेब कुणी मूळ 1 लाखावरून केला, तर कर निघेल 29,250 रुपये. म्हणजे एका आकड्यापायी 19,500 रुपये जादा गेले.

भाव पडला तर काय? त्यासाठी नियमात दोन पायऱ्या आहेत. आधी 31 जानेवारीची किंमत आणि विक्रीची किंमत यातली कमी असेल ती घ्यायची. मग ती आणि मूळ खरेदी किंमत यातली जास्त असेल ती खरेदी म्हणून धरायची. वरचेच युनिट 2 लाखाला विकले, तर खरेदीही 2 लाखच धरली जाते. नफा शून्य, तोटाही शून्य. 80 हजारालाच विकावे लागले, तर खरेदी 1 लाख धरून 20 हजारांचा खरा तोटा मिळतो. कागदावरचा खोटा तोटा दाखवता येत नाही.

घोळ होतो तो दोन ठिकाणी. एसआयपी असेल तर 31 जानेवारी 2018 पर्यंत घेतलेल्या युनिटलाच हा लाभ आहे, नंतरच्या हप्त्यांना नाही. विकताना एका फोलिओतले आधी घेतलेले युनिट आधी विकले गेले असं धरतात. दुसरं म्हणजे, कुणाच्या सांगण्यावरून एका योजनेतून दुसरीत ‘स्विच’ केलं, तर ती विक्रीच समजली जाते. त्याच वर्षी कराचा हिशेब होतो आणि नव्या युनिटला जुनी तारीख मिळत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. 2018 मध्ये वाचवली ती नफ्याची रक्कम. कराचा दर नव्हे. 23 जुलै 2024 पासून दर 10 वरून साडेबारा टक्के झाला, तेव्हा असं अभय दिलं नाही. 2018 ते 2024 मध्ये वाढलेला नफाही आज विकला तर नव्या दरानेच मोजला जातो.

शेतजमिनीशी याची गल्लत करू नका. नगरपालिका हद्दीपासून कायद्याने ठरवलेल्या अंतराबाहेरची शेती या कराच्या कक्षेतच येत नाही.

रिटर्न भरायला देण्याआधी फंडाचं कॅपिटल गेन स्टेटमेंट काढा. त्यात 31-01-2018 च्या किमतीचा रकाना असतो. शेअर असतील तर त्या दिवशीचा बाजारातला सर्वांत जास्त भाव धरतात. रिटर्नमध्ये तो रकाना रिकामा दिसला, तर सही करण्याआधी तिथंच थांबवा.