सही करायच्या आधी शेवटची पानं वाच!

नाशिकची एक मैत्रीण मागच्या आठवड्यात भेटायला आली. आठ वर्षं दुसऱ्यांच्या सलोनमध्ये काम केलेली, कलर आणि केराटिनमध्ये हात बसलेला, स्वतःच्या गिऱ्हाइकांची वही सांभाळून ठेवलेली. एका मोठ्या ब्युटी चेनने तिला फ्रँचायझीची ऑफर दिली होती. मोबाइलवर चकचकीत प्रेझेंटेशन होतं, त्यात ‘अठरा महिन्यांत पैसे वसूल’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. आणि ६४ पानांचा करार, जो तिने उघडलाही नव्हता. ‘ताई, महिनाअखेरीपर्यंत टोकन भरलं तर फीमध्ये पन्नास हजार सूट आहे. भरू का?’

आम्ही तिला एवढंच म्हटलं, सूट राहू दे, आधी हिशेब मांडू. तो हिशेब या पानावर मांडतोय, कारण असाच फोन तुमच्यापैकी अनेकांना येतो. आकडे तिच्या ऑफरचे आणि तिच्या अंदाजाचे आहेत. तुमच्या शहरात बदलतील, रीत तीच राहील.

आत जायला लागणारे पैसे दिसतात, म्हणून त्यांची भीती कमी. फ्रँचायझी फी ६ लाख, वर १८ टक्के जीएसटी. इंटिरिअर, खुर्च्या, मशिनं मिळून २८ लाख. सुरुवातीचा माल ३ लाख. जागेचं डिपॉझिट साडेतीन लाखांच्या आसपास. सगळं मिळून ४१-४२ लाख. यातले २० लाख कर्जाचे. फी परत मिळत नाही हे ठीक, पण टोकनचं काय? जागा मिळाली नाही किंवा कर्ज मंजूर झालं नाही, तर टोकन परत मिळेल असं लेखी नसेल तर ते गेलंच समजा.

खरी गोष्ट दर महिन्याची. रॉयल्टी १० टक्के आणि ‘ब्रँड फंड’ २ टक्के. दोन्ही विक्रीवर, नफ्यावर नाही. हा एक शब्द नीट समजून घ्या. महिन्याला ५ लाखांची विक्री झाली तर कंपनीला ६० हजार द्यायचे, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ७१ हजार. पगार पावणेदोन लाख, भाडं जीएसटीसकट ७१ हजार, माल ७५ हजार, वीज-पाणी-सॉफ्टवेअर-धुलाई ४५ हजार. उरतात ६३ हजार. त्यातून कर्जाचा हप्ता साडेत्रेचाळीस हजार. मालकिणीच्या हातात २० हजारांच्याही आत. आज नोकरीत तिला याहून जास्त मिळतात.

आणि विक्री ४ लाखांवर आली तर? पगार, भाडं, वीज काही कमी होत नाही. हप्त्याआधीच सात हजारांचा खड्डा, हप्ता धरून पन्नास हजारांचा. त्याच महिन्यात कंपनीला मात्र ४८ हजार मिळतातच. यात कुणी फसवत नाहीये, रॉयल्टीची रचनाच तशी आहे. म्हणून विचारायचा प्रश्न ‘सरासरी विक्री किती’ हा नाही. ‘किती विक्रीला मी शून्यावर येते’ हा आहे. मैत्रिणीसाठी तो आकडा, स्वतःचा तीस हजार पगार धरला तर, सव्वापाच लाखांच्या आसपास निघाला. प्रेझेंटेशनमध्ये तो कुठेच नव्हता.

जीएसटीबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात आलेली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलोनच्या सेवांवरचा कर १८ वरून ५ टक्के झाला, पण इनपुट क्रेडिटशिवाय. म्हणजे रॉयल्टीवर, भाड्यावर, इंटिरिअरवर तुम्ही भरलेला जीएसटी आता वजा करून मिळत नाही, तो सरळ खर्चात जातो. चेनकडून आलेला हिशेबाचा तक्ता जुना असेल, तर त्यात हा खर्च धरलेलाच नसतो. तक्ता कधीचा आहे आणि क्रेडिट धरलंय का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

‘विक्री’ची व्याख्याही करारातून शोधून काढा. जीएसटी वगळून की धरून? बिलाची छापील रक्कम की डिस्काउंट देऊन हातात आलेली? कंपनीने दिवाळीला ‘चाळीस टक्के ऑफ’ जाहीर केलं तर ती सूट कुणाच्या खिशातून? हातात आलेल्या रकमेवर रॉयल्टी, हे वाजवी. दोन हजारांच्या बिलावर बाराशे मिळाले आणि रॉयल्टी दोन हजारांवर गेली, तर दर १० राहत नाही, साडेसोळाच्या वर जातो. शिवाय ‘किमान रॉयल्टी’ असं कलम आहे का पाहा. ते असेल तर मंदीतही ठरलेली रक्कम द्यावीच लागते.

आता माल. कलर, शाम्पू, फेशियल किट कंपनीकडूनच घ्यायची, हे समजण्यासारखं आहे. कुठल्याही शाखेत गिऱ्हाइकाला तेच मिळायला हवं. पण या करारात टॉवेल, टिश्यू, कापूस, वॅक्सच्या पट्ट्या, अगदी बिलाचा कागदसुद्धा ‘मान्यताप्राप्त पुरवठादारा’कडून. मैत्रिणीला आम्ही एक काम दिलं. नेहमी लागणाऱ्या वीस वस्तूंची यादी कर, कंपनीचा भाव एका बाजूला, तुझ्या होलसेलवाल्याचा दुसऱ्या बाजूला लिही. दोन दिवसांनी तिचा फोन आला, ‘ताई, ब्रँडेड मालात फारसा फरक नाही, पण बाकीचं पंधरा-वीस टक्के महाग पडतंय.’ ही दुसरी रॉयल्टीच, फक्त तिला तसं नाव नाही.

वाटाघाटीला इथे जागा असते. मालाच्या दोन याद्या मागा. पहिलीतला माल कंपनीकडूनच, दुसरीतला ठरलेल्या दर्जाचा असेल तर कुठूनही. भाव वाढवायचा असेल तर किती दिवस आधी कळवणार, महिन्याला किमान किती माल उचलायचा, मुदत संपत आलेला माल परत घेणार का, हे लिहून घ्या. पुरवठा उशिरा आला आणि तुमचं बुकिंग बुडालं, तर तेवढ्यापुरतं बाहेरून घ्यायची मुभाही हवी.

सगळ्यात कमी वाचली जाणारी पानं म्हणजे शेवटची. करार पाच वर्षांचा, त्यात तीन वर्षं लॉक-इन. म्हणजे दुसऱ्या वर्षी बंद करायचं ठरवलं तर उरलेल्या महिन्यांची रॉयल्टी ‘नुकसानभरपाई’ म्हणून मागितली जाऊ शकते. नव्वद दिवसांच्या नोटिशीवर कंपनी बाहेर पडू शकते, तुम्ही मात्र नाही. दुकान दुसऱ्याला विकायचं तर कंपनीची परवानगी आणि ट्रान्सफर फी. पाच वर्षांनी नूतनीकरण हवं तर पुन्हा फी आणि ‘नव्या डिझाइनप्रमाणे’ इंटिरिअर. बाहेर पडल्यावर दोन वर्षं शहरात सलोन चालवायचं नाही. आणि गिऱ्हाइकांचे नंबर? ते कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून कंपनीचे. म्हणजे आठ वर्षं जपलेली ती वही एकदा तिथे भरली, की परत येणार नाही.

‘दोन वर्षं सलोन चालवायचं नाही’ वाचून ती घाबरली होती. भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम २७नुसार व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो, आणि करार संपल्यानंतरच्या अशा बंदीला कोर्टं सहसा उभं करत नाहीत. करार चालू असतानाची बंदी मात्र टिकते. सुप्रीम कोर्टाने १९९५ साली एका फ्रँचायझीच्याच खटल्यात ते मान्य केलं आहे. शिवाय बोर्ड, नाव, कंपनीची गोपनीय माहिती वापरता येत नाही ती नाहीच. पण कलम तुमच्या बाजूने असणं वेगळं आणि भांडायला पैसे असणं वेगळं. वाद झाला तर लवाद कंपनीच्या शहरात, असं करारात असतं. नाशिकहून दर तारखेला गुरुग्रामला जायची तयारी आहे का? म्हणून ते कलम सही करण्याआधीच काढून घ्यावं, नाही तर दोन-तीन किलोमीटर आणि सहा महिने एवढ्यावर तरी आणावं.

बाहेर पडण्याच्या चार गोष्टी लेखी मागाच. लॉक-इन एका वर्षावर, किंवा सलग सहा महिने विक्री शून्यावर येण्याच्या आकड्याखाली राहिली तर दंडाशिवाय सुटका. न उघडलेला माल खरेदीच्या भावाने परत. तुम्ही स्वतः आणलेल्या गिऱ्हाइकांची यादी पहिल्याच दिवशी कराराला जोडायची, म्हणजे ती तुमचीच राहील. आणि विकलेल्या पॅकेजेसचा हिशेब. पैसे आज घेतलेत, सेवा वर्षभर द्यायची आहे, मध्येच दुकान बंद झालं तर गिऱ्हाईक तुमच्याच दारात उभं राहणार. जागेचा करारही याच्याशी जुळवून घ्या. फ्रँचायझी एका वर्षात सोडता येते पण जागेचं लॉक-इन तीन वर्षांचं, असं झालं तर भाडं चालूच. आणि सह्या केलेले कोरे चेक ‘सिक्युरिटी’ म्हणून कधीही देऊ नका. चेक न वटण्याचं प्रकरण फौजदारीत जातं.

एवढं सगळं आपणच का शोधायचं? कारण भारतात फ्रँचायझीचा वेगळा कायदाच नाही. अमेरिकेत सही किंवा पैसे यांच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला माहितीपत्र द्यावं लागतं, त्यात चालू आणि बंद झालेल्या शाखाही असतात. इथे तशी सक्ती नाही. आमचं म्हणणं आहे की ती असायला हवी; कर्ज काढून पहिला धंदा टाकणाऱ्या मुलामुलींचे पैसे यात अडकतात. तोवर ते माहितीपत्र स्वतः तयार करा. कंपनीने दिलेल्या यादीबाहेरच्या दोन शाखांमध्ये गिऱ्हाईक म्हणून जा, आणि बंद पडलेल्या एका शाखेच्या मालकाला गाठा. कंपनीचा ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडी फी भरून पाहता येतो. बरीचशी कमाई नव्या फ्रँचायझी फीमधूनच होत असेल, तर त्यांचा धंदा दुकानं उघडण्याचा आहे, चालवण्याचा नाही.

मैत्रिणीने टोकन भरलं नाही. तिने कंपनीला नऊ मुद्द्यांचं पत्र पाठवलं. पाच मान्य झाले, त्यात दोन याद्यांचाही होता. लॉक-इनवर अजून बोलणी चालू आहेत. पन्नास हजारांच्या सुटीची ‘शेवटची तारीख’ मात्र दोनदा पुढे गेली आहे.