चिमणीवरचा ४२ हा आकडा खरा की खोटा?

एमआयडीसीतून कधी बसने गेलात, तर एखाद्या मोठ्या कारखान्याच्या फाटकावर लाल अक्षरांचा डिजिटल बोर्ड तुम्ही पाहिला असेल. त्यावर पीएम, एसओटू, एनओएक्स अशी नावं आणि पुढे सतत बदलणारे आकडे असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना चिमणीवर चोवीस तास चालणारी मोजणी यंत्रणा बसवायला सांगितलं. तिचे आकडे थेट मंडळाच्या सर्व्हरला जातात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही असे आकडे लोकांसमोर ठेवण्याविषयी आदेश दिले.

समजा बोर्डवर लिहिलंय, पीएम ४२. म्हणजे एका घनमीटर धुरात ४२ मिलिग्रॅम धूळ. हे कोळशावर चालणारं वीज केंद्र आहे आणि त्याच्या युनिटला मर्यादा ५० ची आहे (२००४ ते २०१६ या काळात बसवलेल्या युनिट्सना हीच मर्यादा लागू होते). ४२ म्हणजे पास. आपण बसमध्ये पुन्हा मोबाइल काढतो. पण हा आकडा नेमका तयार कसा होतो, हे एकदा बघूया.

पहिली गोष्ट म्हणजे चिमणीच्या आत कुणीही धूळ वजन करत बसलेलं नसतं. ओपॅसिटी मीटर नावाचं यंत्र चिमणीच्या एका बाजूने प्रकाशाचा झोत सोडतं आणि तो पलीकडे किती पोहोचला ते बघतं. १०० भाग सोडले आणि ८० पोहोचले, तर ओपॅसिटी २० टक्के. यंत्राला कळतं ते एवढंच. अडलेल्या प्रकाशाला मिलिग्रॅम हा शब्द माहीतच नाही.

शिवाय ओपॅसिटी चिमणीच्या रुंदीवरही अवलंबून असते. तोच धूर दुप्पट रुंद चिमणीतून गेला, तर उरलेल्या ८० भागांतले पुन्हा ८० टक्केच पुढे जातील, म्हणजे ६४. ओपॅसिटी झाली ३६ टक्के आणि धुरातली धूळ मात्र तेवढीच. ही रुंदी यंत्राला सांगता येते, हिशेब जमतो. खरी गडबड धुळीच्या कणांची असते.

एक मोठा लाडू घ्या. तो मोडून निम्म्या व्यासाचे लहान लाडू वळा. आठ होतील. वजन तेवढंच राहिलं. आता त्यांच्या सावलीचा विचार करा. लहान लाडवाची सावली मोठ्याच्या एक चतुर्थांश असते, पण लाडू आठ आहेत, म्हणजे एकूण सावली दुप्पट. धुळीचंही तसंच आहे. तेवढ्याच वजनाची बारीक धूळ जास्त प्रकाश अडवते आणि जाडी धूळ कमी अडवते.

म्हणून मीटरला आधी ‘शिकवावं’ लागतं. चिमणीवर चढून, धुराच्या वेगाशी जुळणाऱ्या वेगाने थोडा धूर एका फिल्टरमधून ओढून घेतात. फिल्टर वाळवून, तोलून त्यात जमलेली धूळ मोजतात आणि त्याच वेळी मीटर काय दाखवत होतं ते टिपून ठेवतात. बॉयलरच्या वेगवेगळ्या लोडवर असं बऱ्याचदा केलं की आलेखावर ठिपके मिळतात. त्यांतून एक रेघ काढायची. मग मीटर त्या रेघेवरून ‘इतका प्रकाश अडला म्हणजे इतके मिलिग्रॅम’ असं बोलायला लागतं. आपला ४२ हा या रेघेवरून वाचलेला अंदाज आहे. अंदाज म्हणजे थाप नव्हे, रेघ नीट काढली असेल तर तो चांगलाच उपयोगी असतो.

पण ती रेघ त्या दिवसाच्या कोळशाची आणि त्या दिवशी ठणठणीत असलेल्या फिल्टरची असते. पुढे कोळसा बदलला, राखेचे कण जाड किंवा बारीक झाले, तरी मीटर जुन्याच रेघेवरून बोलत राहतं. आणि मला सगळ्यात खटकलेली गोष्ट ही: बॅग फिल्टरची एखादी पिशवी फाटली, तर एरवी अडणारे जाडे कणही बाहेर पडतात. जाडे कण वजनाच्या मानाने प्रकाश कमी अडवतात. म्हणजे बिघाड होतो नेमका तेव्हाच मीटर धूळ खऱ्यापेक्षा कमी दाखवण्याची शक्यता जास्त. आकडा वाढतो, पण वाढायला हवा तेवढा वाढत नाही.

(जाता जाता एक गैरसमज. थंडीत सकाळी चिमणीतून पांढराशुभ्र ढग निघतो आणि आपण लगेच फोटो टाकतो. बऱ्याचदा ती बाहेर येऊन थंड झालेली वाफ असते. चिमणीच्या आत ती गरम आणि पारदर्शक असते, त्यामुळे मीटरला दिसतही नाही. उलट, धूर पाण्याने धुणारा स्क्रबर असेल तर पाण्याचे थेंब चिमणीतच असतात आणि ओपॅसिटी मीटर त्यांनाच धूळ समजतं. तिथे हे यंत्र लावणंच चूक.)

आता धरून चालू की आपली रेघ अगदी बरोबर आहे आणि ४२ हे खरंच ४२ आहेत. तरी प्रश्न उरतो: कुठल्या घनमीटरमध्ये?

सरबत आंबट झालं की आपण पाणी घालतो. लिंबू तेवढंच राहतं, चव मात्र सौम्य होते. चिमणीतल्या धुरात जादा हवा मिसळली की अगदी हेच होतं. धूळ तेवढीच बाहेर पडते, पण प्रत्येक घनमीटरच्या वाट्याला कमी येते. ही चलाखी, किंवा साधी गळती, पकडायला एक साक्षीदार असतो, तो म्हणजे ऑक्सिजन. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के. भट्टीत तो जळण्यात खर्च होतो, म्हणून धुरात कमी उरतो. धुरातला ऑक्सिजन जितका २१ च्या जवळ, तितकी जादा हवा मिसळलेली.

कोळशाच्या वीज केंद्रांसाठी ६ टक्के ऑक्सिजन ही तुलनेची पातळी धरतात. गणित पाचवीतल्या मुलालाही जमेल. २१ मधून ६ वजा केले की १५. २१ मधून प्रत्यक्ष मोजलेला ऑक्सिजन वजा करायचा. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं आणि मोजलेल्या आकड्याला त्याने गुणायचं.

आपल्या चिमणीत ऑक्सिजन ९ टक्के आहे असं समजू. २१ वजा ९, म्हणजे १२. १५ भागिले १२, म्हणजे सव्वा. ४२ गुणिले सव्वा बरोबर ५२.५.

मर्यादा ५०. पास झालेला कारखाना नापास! धूळ एक कणानेही वाढली नाही, फक्त आपण पाणी घालण्याआधीचं सरबत चाखलं.

गॅस अॅनालायझरची गोष्ट याच धाग्याने पुढे जाते. सल्फर डायऑक्साइडसारखे वायू मोजताना बऱ्याच ठिकाणी चिमणीतून थोडा धूर नळीने ओढून खाली केबिनमधल्या यंत्राकडे आणतात. यंत्र त्यातून इन्फ्रारेड किरण सोडतं. प्रत्येक वायू ठरावीक तरंगलांबीचे किरण शोषतो, त्यावरून त्याचं प्रमाण कळतं. केबिनपर्यंतची नळी तापवलेली ठेवावी लागते. ती कुठे थंड पडली की आत पाणी जमतं, सल्फर डायऑक्साइड त्या पाण्यात विरघळतो आणि यंत्रापर्यंत पोहोचतच नाही. स्क्रीनवरचा आकडा मस्त खाली येतो.

दुसरा नेहमीचा आजार म्हणजे नळीच्या जोडातली गळती. पंप धूर ओढताना तिथून बाहेरची हवाही आत खेचतो. समजा चिमणीत सल्फर डायऑक्साइड ६०० आणि ऑक्सिजन ६ टक्के आहे. नळीत पाचवा हिस्सा बाहेरची हवा शिरली. यंत्राला सल्फर डायऑक्साइड दिसेल ४८०. पण त्याच नमुन्यातला ऑक्सिजनही वाढून ९ टक्के झालेला असेल. आता वरचंच गणित करा: ४८० गुणिले सव्वा, परत ६००. साक्षीदाराने गळती उघड केली आणि आकडा दुरुस्तही केला.

हे जमतं ते ऑक्सिजन त्याच नळीतल्या धुराचा मोजला असेल तरच. ऑक्सिजनचं यंत्र वेगळं, थेट चिमणीत बसवलं असेल, तर ते इमानदारीत ६ दाखवेल, गुणाकार एकाने होईल आणि ४८० हा आकडा ४८० म्हणूनच सर्व्हरला जाईल. कुणी फसवलं नाही, सगळी यंत्रं चालू आहेत आणि तरी पाचवा हिस्सा प्रदूषण कागदावरून गायब.

म्हणूनच आलेख वाचणारी अनुभवी माणसं एकच आकडा कधी बघत नाहीत. ऑक्सिजन २०-२१ वर टेकलाय आणि कारखाना मात्र जोरात सुरू आहे? मग यंत्र हवा मोजतंय. बॉयलरचा लोड वर-खाली झाला तरी धुळीची रेघ इस्त्री केल्यासारखी सरळ? मग सिग्नल अडकलाय किंवा अडकवलाय. रेघ वर जाऊन दरवेळी एकाच आकड्यावर छाटली जाते? मग यंत्राची कमाल मर्यादाच तिथे लावून ठेवलीय. आणि ठरावीक वेळाने शून्य आणि उंच सुळका अशी जोडी दिसली, तर घाबरू नका, बहुधा ते माहीत असलेला वायू सोडून घेतलेलं कॅलिब्रेशन असतं. ती जोडी महिनोन्महिने दिसलीच नाही, तर मात्र विचारायला हवं.

या आकड्यांवर कारवाईचं काय? १९८१ च्या हवा कायद्यात नमुना घेण्याची पद्धत कलम २६ मध्ये ठरवून दिली आहे. कारखान्याला नोटीस द्यायची, नमुना घ्यायचा, तो सीलबंद करून सह्या घ्यायच्या आणि प्रयोगशाळेत पाठवायचा. खटल्यात टिकतो तो असा नमुना. चोवीस तास धावणारी आलेखाची रेघ या पद्धतीत कुठेच बसत नाही.

पण आकड्यांना पैसा जोडला की काय होतं, ते सुरतमध्ये दिसलं. तिथे २०१९ मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने धुळीच्या परवान्यांचा बाजार सुरू केला. ३१७ मोठे कारखाने, त्यांतले बरेचसे कापड उद्योगातले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून १६२ कारखाने बाजारात घेतले, बाकीच्यांना जुनेच नियम राहिले. चिमणीवरची यंत्रं दोन्ही गटांत होती. ठरलेल्यापेक्षा जास्त किलो धूळ सोडायची तर दुसऱ्याकडून परवाने विकत घ्यायचे. बाजारातल्या कारखान्यांची धूळ दुसऱ्या गटापेक्षा २० ते ३० टक्के कमी झाली. यंत्र दोघांकडे सारखंच, फरक पडला तो त्याच्या आकड्याला किंमत आल्याने. आणि तोच आकडा पैशांत मोजला जातो म्हटल्यावर रेघ कशी काढली, कॅलिब्रेशन कधी झालं, यावर कारखाना आणि मंडळ दोघांचीही नजर असणार.

हे लिहायच्या आदल्या आठवड्यात मी अशाच एका फाटकासमोर वही घेऊन उभी होते. पीएम, एसओटू, एनओएक्स, तापमान, सगळं लिहून घेतलं. मग सव्वाचं गणित करायला बसले आणि लक्षात आलं, बोर्डवर ऑक्सिजनची ओळच नाही. वॉचमन काकांना विचारलं, तर ते म्हणाले, “ते आत कंट्रोल रूमला दिसतं, बेटा. इथं एवढंच.”