‘सरपंचांनी म्हणाले’ आले कुठून?

यात्रेच्या नियोजनाची बैठक उरकली की आटपाडीसारख्या तालुक्याच्या गावी जो वृत्तांत लिहिला जातो, त्यात असला मजकूर हमखास सापडतो: ‘सरपंचांनी म्हणाले की, मेंढ्यांच्या बाजाराची जागा वाढवू. ग्रामस्थांनी मोठ्या संख्येने उपस्थित राहिले. काही सदस्यांनी येऊ शकले नाहीत.’ तीन वाक्यांत तीन चुका. यावर दोन ठरीव खुलासे दिले जातात: हा खेड्यातल्या बोलीचा परिणाम आहे, किंवा हे हिंदीचे आक्रमण आहे. दोन्ही खुलासे मला मान्य नाहीत.

आधी बोली. आटपाडीच्या बाजारात मेंढरे घेऊन आलेला धनगर ‘त्येनं मेंढरं इकली’ म्हणेल आणि त्याच दमात ‘त्यो काल आला’ असेही म्हणेल. ‘त्येनं आला’ त्याच्या तोंडून चुकूनही निघणार नाही. विकण्याला कर्म आहे, म्हणून तिथे ‘नं’ लागला. येण्याला नाही, म्हणून लागला नाही. शाळेची पायरी न चढलेला माणूसही हा भेद अचूक पाळतो. बोलीत बदल दिसतो तो भलत्याच बाजूने. सोलापूर-लातूरकडे ‘मी काम केलो’ ऐकू येते. तिथे सकर्मक क्रियापदसुद्धा कर्त्यामागे धावते. म्हणजे तिथे कर्तरी प्रयोग वाढतो आहे, ‘ने’ नव्हे.

हिंदीवरचा आरोपही अर्धाच खरा. ‘उसने सीखा’वरून ‘त्याने शिकले’ आले असेल, हे कबूल. पण हिंदीत ‘वह आया’, ‘वह हँसा’, ‘वह भूल गया’ असेच म्हणतात. मग ‘त्याने विसरला’ आणि ‘त्यांनी उपस्थित राहिले’ हे हिंदीतून येईल कसे?

माझ्या मते हा दोष फळ्यावरच्या सूचनेतून आला. सूचना असते: ‘ग्रामस्थांनी उपस्थित राहावे.’ हे वाक्य निर्दोष आहे. राहणे अकर्मक असले तरी विध्यर्थात कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो आणि भावे प्रयोग होतो: त्याने जावे, तिने बसावे, मुलांनी हसावे. बैठक झाल्यावर लिहिणारा तीच सूचना समोर ठेवतो, ‘राहावे’चे ‘राहिले’ करतो आणि ‘ग्रामस्थांनी’ तसेच ठेवून देतो. साध्या भूतकाळात ते चालत नाही. ‘ग्रामस्थ उपस्थित राहिले’ म्हणा, नाहीतर ‘ग्रामस्थांनी हजेरी लावली’ म्हणा. दुसऱ्या वाक्यात ‘हजेरी’ हे कर्म आहे, म्हणून ‘नी’ योग्य.

‘सरपंचांनी म्हणाले’ची गोष्ट निराळी. म्हणणे या धातूची भूतकाळात दोन रूपे चालतात. ‘म्हणाले’ला कर्ता मोकळा लागतो आणि ‘म्हटले’ला ‘ने’ घेतलेला. ‘सरपंच म्हणाले’ बरोबर, ‘सरपंचांनी म्हटले’ही बरोबर. एकाचे डोके आणि दुसऱ्याचे धड जोडले की बिघडते.

तिसऱ्या वाक्यात शेवटचे क्रियापद पाहायला हवे. ‘येऊ शकले’मध्ये प्रयोग ठरवते ते ‘शकले’, आणि ‘शकणे’ कधीच ‘ने’ घेत नाही. आधी सकर्मक धातू असला तरी. म्हणून ‘ते काम करू शकले नाहीत’, ‘ती पत्र लिहू शकली’. उलट ‘तिने मनसोक्त रडून घेतले’ बरोबर आहे, कारण रडणे अकर्मक असले तरी शेवटी ‘घेतले’ आहे. ‘अकर्मकाला ने कधीच लागत नाही’ असा दंडक सांगणारे गुरुजी इथे तोंडघशी पडतात. त्यांचा ‘सकर्मकाला ने लागतोच’ हा दंडकही असाच लंगडा. ती साडी नेसली, तो धडा शिकला, ते पाणी प्याले: कर्म आहे, पण ‘ने’ नाही. मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालचे. असे धातू व्याकरणाला काही नवे नाहीत.

आणि ‘डाळिंबाची बाग तेल्याने गेली’ यातला ‘ने’ चुकीचा म्हणून खोडू नका. तो कर्त्याचा नव्हे, कारणाचा आहे. गेली ती बाग, तेल्या नव्हे. म्हणून क्रियापद बागेप्रमाणे स्त्रीलिंगी झाले.

भाषा बदलते, चालू द्या, असे म्हणणारेही भेटतात. बदलेल; पण बदलाला निदान स्वतःची शिस्त हवी. ‘तिने रडली’मध्ये कर्त्याला ‘ने’ लावून क्रियापदापासून तोडले आणि तरी क्रियापद कर्त्याच्याच लिंगात ठेवले. हा प्रयोग कर्तरीही नाही, भावेही नाही.

शंका आली तर ‘तो’च्या जागी ‘ती’ घालून पाहा. ‘तो आला’चे ‘ती आली’ होते, क्रियापद कर्त्याबरोबर फिरते. तिथे ‘ने’ला जागा नाही. ‘त्याने भाकरी खाल्ली’, ‘तिने भाकरी खाल्ली’, क्रियापद हलत नाही. तिथे ‘ने’ हवाच. पाठ्यपुस्तक करणाऱ्यांना एवढीच विनंती आहे की ‘त्याने जावे’ आणि ‘तो गेला’ ही वाक्ये वेगवेगळ्या धड्यांत टाकू नयेत, एकाच पानावर शेजारी शेजारी छापावीत.