घसारा पंपाचा, पाण्याचा नाही

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. मांजरा धरण कोरडे पडले होते. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी गेले, पुढे पन्नास-पन्नास वाघिणींच्या गाड्या धावू लागल्या. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या, म्हणजे जीडीपीच्या, नजरेने त्या उन्हाळ्याकडे पाहिले तर काय दिसते? रेल्वेची वाहतूक ही सेवा, टँकरची फेरी ही सेवा. दोन्ही जमेच्या बाजूला. गावोगावी पाडलेल्या बोअरवेल म्हणजे गुंतवणूक; त्याही जमेलाच. दुष्काळाने पिके गेली आणि शेतीचे उत्पादन घटले, तेही प्रामाणिकपणे नोंदले जाते. नोंद नसते ती फक्त जमिनीखालच्या पाण्याची. ते वर्षानुवर्षे उपसले गेले आणि संपत आले, तरी हिशेबाच्या लेखी काहीच घडलेले नसते.

ही कोणा अधिकाऱ्याची चूक नव्हे, हिशेबाची पद्धतच तशी आहे. एका वर्षात देशात जे तयार झाले, त्याच्या किमतीतून ते तयार करताना वापरलेल्या वस्तू-सेवांची किंमत वजा केली की मूल्यवर्धन उरते. या मूल्यवर्धनांची बेरीज, त्यात वस्तूंवरचे कर मिळवून आणि अनुदाने वजा करून, म्हणजे जीडीपी. समजा, एका शेतकऱ्याने तीन लाखांचा ऊस घातला आणि खते, बेणे, औषधे, डिझेल यांवर त्याचा एक लाख खर्च झाला. त्याच्या शेताचे मूल्यवर्धन दोन लाख. मजुरी यातून वजा होत नाही, कारण ती कोणाचे तरी उत्पन्नच असते. आता या उसाला वर्षभर दिलेले पाणी कुठे आले? विहिरीतल्या पाण्याला कोणी पैसे मोजत नाही, म्हणून खर्चाच्या बाजूला त्याची किंमत शून्य. पाच वर्षांनी विहीर आटली आणि त्याने दीड लाख खर्चून खोल बोअर घेतले, तर ते दीड लाख त्या वर्षीच्या भांडवलनिर्मितीत जातात. तोच ऊस, तेवढाच उतारा, फक्त पाणी आणखी खालून आणावे लागले. आकडा मात्र फुगला.

‘सकल’ म्हणजे घसारा वजा न केलेले. पंप झिजतो, पाइप गंजतात, त्यांचा घसारा वजा केला की निव्वळ उत्पादन मिळते. तो आकडाही सरकार प्रसिद्ध करते, पण मथळ्यात तो क्वचितच येतो. आणि या निव्वळ आकड्यातही आजवर पंपाचाच घसारा धरला गेला; पंपाने ज्या पाण्यासाठी झिजायचे, त्याचा नाही. गोदामातला माल विकून आलेली सगळी रक्कम नफा म्हणून दाखवणाऱ्या दुकानदाराला त्याचा हिशेबतपासनीस दारात उभा करणार नाही. देशांच्या हिशेबात हे अनेक दशके मान्य होते. कृषिमूल्य आयोगाने महाराष्ट्राविषयी एक प्रमाण नोंदवून ठेवले आहे: लागवडीखालील क्षेत्राच्या जेमतेम चार टक्क्यांवरचा ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे 70 टक्के पाणी घेतो. या प्रमाणाची झळ साखरेच्या मूल्यवर्धनाच्या आकड्याला कुठेही लागत नाही.

पाण्याची दुसरी अनोंद घरात आहे. टँकरने हंडा भरून दिला तर ते उत्पादन, बाईने विहिरीवरून आणला तर काय? संयुक्त राष्ट्रांच्या हिशेब-नियमावलीप्रमाणे स्वतःच्या घरासाठी पाणी वाहून आणणे, सरपण गोळा करणे हे तत्त्वतः उत्पादनात मोडते, कारण त्यातून वस्तू मिळते. तेच पाणी चुलीवर चढले, त्यात भात शिजला, भांडी घासली, म्हाताऱ्या सासूला आंघोळ घातली की पुढचे सारे श्रम उत्पादनाच्या हद्दीबाहेर. 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला 289 मिनिटे देताना आढळल्या, पुरुष 88 मिनिटे. पाणी दूर गेले की या मिनिटांत भर पडते आणि मजुरीचा दिवस बुडतो. म्हणजे आटलेल्या विहिरीचा काही खर्च जीडीपी घरावर ढकलते आणि तिथून तो दिसेनासा होतो.

यावर अर्थतज्ज्ञांचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो वजनदार आहे. जीडीपी हे बाजारातल्या उलाढालीचे माप आहे. करवसुलीचा अंदाज, कर्जाचे प्रमाण, व्याजदर या कामांसाठी ते लागते. त्यात कल्पित किमती भरल्या तर त्या कामांचेही ते राहणार नाही. हे मान्यच करायला हवे. भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाची पद्धत बसवण्यासाठी 1949 मध्ये महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिचे एक सदस्य आपले धनंजयराव गाडगीळ होते. नव्या देशाला नियोजनासाठी असा आकडा हवाच होता. अमेरिकेत ही मोजणी उभी करणाऱ्या सायमन कुझ्नेट्स यांनी तर 1934 च्या आपल्या अहवालातच बजावले होते की, या आकड्यावरून लोकांच्या कल्याणाचा अंदाज बांधता येणार नाही. माप दोषी नाही. पण ज्या कामासाठी ते बनलेले नाही, त्या कामाला सरकारेच ते जुंपतात.

दुसरा आक्षेप असा की, दुरुस्ती आता झालीच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने 2025 मध्ये स्वीकारलेल्या नव्या नियमावलीत नैसर्गिक संपत्तीची झीज हा उत्पादनाचा खर्च मानला आहे. हे पाऊल मोठे आहे, पण ही वजावट निव्वळ उत्पादनातून होईल, मथळ्यातला सकल आकडा जिथल्या तिथे राहील. शिवाय पाण्याच्या बाबतीत एक जास्तीची अडचण आहे. झिजेची किंमत काढायची तर त्या संपत्तीतून मिळणारे जादा उत्पन्न मोजावे लागते. जिथे पाणी फुकट आणि पंपाची वीजही फुकट किंवा सवलतीची, तिथे पाण्याच्या वाट्याचे उत्पन्न वेगळे काढताना ते शून्याजवळ, कधी शून्याखालीही निघते. धोरणाने किंमत पुसून टाकायची आणि हिशेबाने ती शोधायची, असा हा खेळ आहे. म्हणून पाण्याच्या झिजेची रुपयांतली नोंद एवढ्यात विश्वासार्ह होईल, असे मानण्यात अर्थ नाही.

मग रुपयांचा हट्ट सोडावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातल्या हजारो निरीक्षण विहिरींची पातळी नियमित मोजते. अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्ह्यांच्या उत्पन्नाचे अंदाज काढते. ते बरेचसे राज्याचा आकडा निरनिराळ्या निर्देशांकांनी वाटून काढलेले असतात, म्हणजे विहिरीतल्या टेपइतके थेट मोजमाप ते नव्हेतच. तरी राज्याची अर्थव्यवस्था एक लाख कोटी डॉलरवर नेण्यासाठी जिल्हानिहाय आराखडे झाले ते याच आकड्यांवर. विधिमंडळात दरवर्षी मांडल्या जाणाऱ्या आर्थिक पाहणीत जिल्ह्याच्या उत्पन्नाशेजारी त्याच जिल्ह्याच्या भूजल पातळीतला दहा वर्षांचा फरक मीटरमध्ये छापायला नवा कायदा लागत नाही, नवे सर्वेक्षणही लागत नाही. उत्पन्न वाढलेल्या ज्या जिल्ह्यात पातळी सलग खाली गेली असेल, तिथल्या आराखड्यात नव्या साखर कारखान्याचा प्रस्ताव असल्यास, तेवढे पाणी कोणत्या थरातून आणि किती वर्षे येणार, हा प्रश्न नियोजन विभागाने मंजुरीआधी लेखी विचारावा.