मोडलेला तळ आणि त्याचा निवाडा

चढत्या बाजाराची सर्वांत जुनी आणि अद्याप न बदललेली ओळख एवढीच, की त्याचे प्रत्येक नवे शिखर मागच्या शिखराहून उंच असते आणि दोन शिखरांमधला प्रत्येक तळ मागच्या तळाच्या वर राहतो. चार्ल्स डाउ यांनी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या सांध्यावर लिहिलेल्या लेखांत या निरीक्षणाचे बीज आहे. त्यांच्या पश्चात विल्यम हॅमिल्टन आणि रॉबर्ट ऱ्ही यांनी त्याला सिद्धांताचे रूप दिले. आणि आज दलालाच्या अ‍ॅपवर चार्ट उघडून ‘हायर हाय, हायर लो’ मोजणारा तरुण नकळत त्याच परंपरेत बसलेला असतो. व्याख्या सोपी आहे. परंतु त्या चढत्या मांडणीचा भंग झाला असे नेमके कोणत्या दिवशी म्हणावयाचे, आणि तसे म्हटल्यानंतर काही दिवस वा काही आठवडे माल बाळगणाऱ्या स्विंग ट्रेडरने काय करावयाचे, याविषयी पेठेत एकवाक्यता नाही. आणि ती का नाही हे कळण्यासाठी सन २०२४च्या उत्तरार्धातील निफ्टीची हकीकत तारीखवार पाहण्यासारखी आहे.

त्या वर्षी ५ ऑगस्टच्या घसरणीत निफ्टी २३,८९३पर्यंत खाली आला, तेथून सप्टेंबरच्या आरंभी २५,३३३च्या शिखरावर गेला, ९ सप्टेंबरला २४,७५३पर्यंत उतरला आणि पुन्हा चढू लागला. आता त्या ९ सप्टेंबरला हा तळ आहे असे कोणालाही ठाऊक नव्हते, ठाऊक असणे शक्यही नव्हते. कारण तळाला तळाचा दर्जा तो पडल्याच्या दिवशी मिळत नाही, तर त्याच्या आधीचे शिखर भावाने ओलांडले त्या दिवशी मिळतो. १२ सप्टेंबरला निफ्टी २५,३८८वर बंद झाला, २५,३३३चे शिखर मागे पडले, आणि त्या क्षणापासून २४,७५३ ही संपूर्ण चढाईची आधारभूत रेषा ठरली. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे किती माणसे विनाकारण बाजारातून बाहेर पडतात! चार्टवर जो जो खळगा दिसेल त्याच्याखाली स्टॉपलॉस ठेवावयाचा आणि तो लागला की ‘स्ट्रक्चर मोडले’ असा पुकारा करावयाचा, ही रीत सर्रास आढळते. वस्तुतः ज्या खळग्यापासून निघून भावाने नवे शिखर गाठलेच नाही, त्याच्या मोडण्याने मांडणीचे काही बिघडत नाही.

या रेषेचा उपयोग आधी खरेदीचे परिमाण ठरविण्यासाठी व्हावा लागतो, आणि म्हणून थोडा हिशेब मांडतो. समजा, दहा लाखांचे भांडवल बाळगणाऱ्या एका ट्रेडरचा दंडक असा आहे, की कोणत्याही एका सौद्यात भांडवलाच्या एक टक्क्याहून, म्हणजे दहा हजारांहून, अधिक तोटा होऊ द्यावयाचा नाही. १२ सप्टेंबरला २५,३८८च्या भावाशी निफ्टीवर आधारलेल्या फंडाचे युनिट घ्यावयाचे, तर आधाररेषा ६३५ अंश खाली, म्हणजे अडीच टक्क्यांवर आहे; दहा हजार ही रक्कम ज्याचे अडीच टक्के होईल ती रक्कम चार लाख, आणि तेवढीच खरेदी त्याने करावयाची. मांडणी प्रथम, तिच्यावरून अंतर आणि अंतरावरून रक्कम, असा हा क्रम आहे. आधी रक्कम ठरवून मग तिला सोयीचा तळ शोधणारे लोक पुष्कळ असतात, आणि चार्ट त्यांना तो निमूटपणे शोधूनही देतो.

२७ सप्टेंबरला निफ्टी २६,२७७वर पोहोचला. त्यानंतर इराण आणि इस्रायल यांच्यातील तणाव, चीनकडे वळलेला परकी पैसा आणि सेबीने वायदे व ऑप्शन यांवर घातलेली नवी बंधने अशी कारणे एकाच आठवड्यात गोळा झाली, आणि ३ ऑक्टोबरला निर्देशांक ५४६ अंशांनी कोसळून २५,२५०वर बंद झाला. वाटेत १८ सप्टेंबरचा २५,२८५चा एक उथळ तळ मोडला गेला होता. लहान मुदतीवर नजर ठेवणाऱ्याच्या दृष्टीने त्या दिवशीच मांडणी मोडली. आमचा ट्रेडर त्या तळाला मान देत असता, तर बावीसशे रुपयांच्या किरकोळ तोट्यात बाहेर पडला असता. पण त्याने सौदा ज्या मापावर केला होता त्या मापावर २४,७५३ अद्याप शाबूत होते. खरेदी मोठ्या मापावर आणि पलायन लहान मापावर, असा व्यवहार एखादे वेळी लाभदायक ठरला, तरी तो हिशेब नव्हे, नशीब होय.

७ ऑक्टोबरला भाव दिवसभरात २४,६९४पर्यंत घसरला, म्हणजे आधाररेषेच्या साठेक अंश खाली गेला, आणि दिवसाअखेर २४,७९५वर, रेषेच्या वर, बंद झाला. रेषेवरच स्टॉपलॉस ठेवणाऱ्याचा दहा हजारांचा तोटा त्या दिवशी कायम झाला. बंद भावाची वाट पाहणारा मात्र टिकला, आणि दोनच दिवसांनी, रिझर्व्ह बँकेने रेपो दर तसाच ठेवून धोरणाचा रोख तटस्थ केल्याच्या दिवशी, निर्देशांक २५,२३४वर पाहून त्याने पहिल्याची कीवही केली असेल. अशा वेळी बड्या मंडळींनी मुद्दाम स्टॉप उडविले, अशी फिर्याद ऐकू येते. मला तीत कटापेक्षा सोय अधिक दिसते: सर्वांना दिसणाऱ्या तळाखाली विक्रीचे इतके आदेश एकत्र साचलेले असतात, की मोठी खरेदी करू पाहणाऱ्याला तेवढा माल दुसरीकडे एका जागी मिळणे कठीण.

परंतु २५,२३४ हे शिखर २६,२७७च्या हजारभर अंश खाली होते, आणि बाजार तेथून वळला. १७ ऑक्टोबरला निफ्टी २४,७४९.८५वर बंद झाला, म्हणजे आधाररेषेच्या जेमतेम तीन अंश खाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा २४,८५४वर आला. तीन अंशांचा भंग हा भंग मानावा काय? अक्षरार्थाने मानावा लागेल, आणि ज्याचा दंडक बंद भावाचा आहे त्याने त्या दिवशी वाद न घालता निघावे, असे माझे मत आहे. त्याचा तोटा ठरल्याप्रमाणे दहा हजारांच्या आसपास राहिला असता. सवलतीची मागणी ज्याने केली त्याला २२ ऑक्टोबरला उत्तर मिळाले: निफ्टी २४,४७२वर बंद, ७ ऑक्टोबरचा तळही गेलेला, आणि चार लाखांवरचा तोटा चौदा हजारांच्या पुढे.

येथे भंगाच्या दोन अवस्था वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत, कारण पेठेतील बराचसा गोंधळ त्या एकत्र केल्याने होतो. आधारभूत तळ मोडला, एवढ्यावरून तेजीत माल घेण्याचे जे कारण होते ते संपुष्टात आले, इतकाच निवाडा मिळतो. मंदी सुरू झाली असा निवाडा त्यात नाही. तो देण्यासाठी पडलेल्या भावाने एकदा वर येऊन पूर्वीच्या शिखराखालीच थांबावे लागते आणि मग मोडल्यानंतरचा तळही मोडावा लागतो. ऑक्टोबरात २५,२३४चे उतरते शिखर आणि २२ तारखेचा बंद भाव मिळून ही साक्ष पुरी झाली. या दोन अवस्थांच्या मधल्या प्रदेशात बाजार कोणाचाच नसतो. आपल्याकडे रोखीच्या बाजारात शेअर उसने न घेता आधी विकून रात्रभर तसे ठेवण्याची मुभा सामान्य माणसाला नसल्यामुळे, वायद्यांत न उतरणाऱ्या ट्रेडरला या साक्षीचा उपयोग विक्रीसाठी नव्हे, तर पुन्हा खरेदी न करण्यासाठी होतो. आणि ज्या महिन्यात परदेशी गुंतवणूकदारांनी येथील शेअर विकून ९४ हजार कोटी रुपयांच्या आसपास रक्कम बाहेर नेली, त्या महिन्यात हा उपयोग काही लहान नव्हता. २१ नोव्हेंबरला निफ्टी २३,२६३पर्यंत उतरला.

बंद भावाची वाट पाहण्याच्या रीतीलाही किंमत आहे, आणि ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात वसूल झाली. नोव्हेंबरच्या तळापासून बाजार ५ डिसेंबरला २४,८५७वर गेला. १३ तारखेला त्याने दिवसात २४,१८०पर्यंत डुबकी मारून त्याच दिवशी सहाशे अंशांच्या जवळपास उसळी घेतली, आणि त्या देखण्या कांडीखाली अनेकांनी आपले स्टॉप नेऊन ठेवले, जरी २४,८५७चे शिखर ओलांडले गेले नसल्यामुळे त्या तळाचा दर्जा अजून कच्चा होता. १८ डिसेंबरला भाव २४,१४९पर्यंत जाऊन २४,१९८वर बंद झाला. बंद भावाचा दंडक पाळणारे राहिले. रात्री अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने पुढील वर्षी व्याजदर थोडेच उतरतील असे सूचित केले, आणि सकाळी निफ्टी २३,८७७वर उघडला. २४,१८०ला बाहेर पडावयाचे ठरविलेल्याला पहिला मिळणारा भाव तीनशे अंश खालचा होता. अशा दरीपुढे कोणताही स्टॉपलॉस निरुपयोगी असतो. ज्याला हा धोका डोईजड वाटतो त्याने रक्कम आणखी आटोक्यात ठेवावी, एवढाच त्यावर इलाज मला माहीत आहे.

उलट प्रकार २०२५च्या एप्रिलमधला. ४ मार्चचा २१,९६४चा तळ ७ एप्रिलला, अमेरिकी आयातशुल्काच्या धक्क्यात, दिवसात मोडला. भाव २१,७४३पर्यंत गेला आणि बंद झाला २२,१६१वर. ७ ऑक्टोबरच्या दिवसाशी या दिवसाचे रूप जवळजवळ सारखे आहे, दोन्हीकडे तळाखाली जाऊन वर बंद झालेला भाव आहे. परंतु ऑक्टोबरात त्यातून निघालेली उसळी आधीच्या शिखराच्या हजारभर अंश खालीच आटली, आणि एप्रिलमध्ये निघालेली चढाई २१ तारखेला २४,१२५वर बंद होऊन मार्चच्या २३,८६९च्या शिखराला ओलांडून गेली. उतरती मांडणी त्या दिवशी मोडली, यात शंका नव्हती. मात्र आमच्या ट्रेडरने आपला जुना हिशेब तेथे लावला असता, तर त्याला आढळले असते की आधारभूत तळ आता २,३८२ अंश, म्हणजे जवळजवळ दहा टक्के खाली आहे, मधल्या चढाईत दिवसाच्या चार्टवर मानण्याजोगा दुसरा तळ तयार झालेला नाही, आणि दहा हजारांच्या त्याच मर्यादेत त्याला चार लाखांच्या जागी केवळ एक लाखाचीच खरेदी करता येते. उरलेले तीन लाख पुढचा चढता तळ पक्का होईपर्यंत खात्यात पडून राहणार.