चार सेकंदांचा पुरावा
बीडच्या एका ऊसतोड कामगार बाईंनी मुलाखतीत मला सांगितलं, "पिशवी काढली... म्हंजी, काढाया लावली. मालक म्हनले, टाक काढून." सहलेखकाने पेपरसाठी त्याचं सुबक इंग्रजी केलं. अर्थ एवढाच उरला: नवऱ्याच्या सल्ल्याने मी गर्भाशय काढून घेतलं.

हे भाषांतर नाही, सारवासारव आहे. 'काढली'वरून 'काढाया लावली'वर येताना बाई चार सेकंद थांबल्या. निर्णय कुणाचा, ते त्या थांबण्यात आहे. 'मालक' म्हणजे इथे नवराच. पण नुसतं 'हजबंड' लिहिलं की हुकमाचा सल्ला होतो. म्हणून मी 'मालक' तसाच ठेवून अर्थ दिला, थांबा कंसात नोंदवला, मूळ ओळ शेजारी छापली. शब्दमर्यादा नडली, तर माझं विश्लेषण कापा. बाईंचं अडखळणं नको.